हायड्रिलाचे बुडबुडे आणि बरोबर दिसणारा आलेख

प्रॅक्टिकलच्या तासाआधी मी बादलीतल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या फांद्या निवडत बसते. एकाच बादलीतल्या, एकाच दिवशी आणलेल्या दोन फांद्यांपैकी एक मिनिटाला चाळीस बुडबुडे सोडते आणि दुसरी अख्ख्या तासात आठसुद्धा सोडत नाही. का, ते वरून दिसत नाही. हिरवीगार, टवटवीत, शेंड्याची पानं दाट असलेली फांदी घ्यायची, धारदार ब्लेडने तिरपी कापायची आणि कापलेलं टोक वर करून पाण्यात सोडायची, एवढंच आपल्या हातात असतं. बोथट कात्रीने कापलं तर खोड चेपतं. हायड्रिलाच्या खोडात हवेच्या लांबट पोकळ्या असतात आणि प्रकाशसंश्लेषणात तयार झालेला ऑक्सिजन त्यांतूनच वर सरकतो. खोड चेपलं की ती वाट बंद होते. मग वायू पानांच्या कडांवरून मिळेल तिथून सुटतो आणि आपण कापलेल्या टोकाकडे नुसते बघत राहतो.

प्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चंचुपात्रात फांदी, समोर दिवा, दिवा मागे-पुढे सरकवायचा आणि प्रत्येक अंतरावर मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजायचं. दिवा जवळ असताना बुडबुडे जास्त आणि लांब गेला की कमी येतात. त्यावरून, प्रकाशाची तीव्रता वाढली की प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढतो, असा निष्कर्ष जर्नलमध्ये लिहायचा. निष्कर्ष खरा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच आकड्यांवरून आपण पुढे आणखी दोन गोष्टी सांगतो. पहिली, अंतर दुप्पट केलं की वेग चौपट कमी होतो. दुसरी, दिवा फार जवळ आला की वेग वाढायचा थांबतो, कारण आता प्रकाशाऐवजी कार्बन डायऑक्साइड कमी पडतो. या दोन गोष्टींनी मला पुष्कळ दिवस गुंतवून ठेवलं.

त्या वेळची मांडणी सांगते. 400 मिलिलिटर पाणी आदल्या संध्याकाळी काढून खोलीतच उघडं ठेवलं होतं, कारण नळाच्या ताज्या, गार पाण्यात विरघळलेली हवा खोलीच्या तापमानाला आपोआप सुटते आणि पानांवर, काचेवर बारीक बुडबुडे धरते. त्यात 1 ग्रॅम खाण्याचा सोडा घातला. हायड्रिला बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकते, त्यामुळे पुरवठ्याची चिंता कमी होते. साधारण 8 सेंटिमीटरची फांदी, शेंडा खाली. फांदी तरंगू नये म्हणून शेंड्याजवळ काचेची छोटी कांडी बांधली. दिवा म्हणून 20 वॅटचा एलईडी फ्लडलाइट. दिवा आणि चंचुपात्र यांच्या मधे पाण्याने भरलेली अरुंद, सपाट काचेची पेटी ठेवली, म्हणजे उष्णता तिथेच अडते. ही पेटी प्रत्येक अंतरावर तशीच ठेवायची. एका अंतराला काढली आणि दुसऱ्याला ठेवली, तर बदललेल्या गोष्टी दोन होतात. पडदे ओढले, खोली अंधारी केली. प्रत्येक नव्या अंतरावर पाच मिनिटं नुसतं थांबायचं, मगच मोजायला सुरुवात करायची.

हे थांबणं मुलांना सगळ्यात जड जातं. दिवा लांब नेल्यावरही पोकळ्यांमध्ये आधीच्या उजेडात तयार झालेला वायू शिल्लक असतो आणि तो सावकाश बाहेर पडत राहतो. लगेच मोजलं तर नव्या अंतराच्या नावावर जुन्या अंतराचे बुडबुडे लागतात.

10, 15, 20, 30 आणि 40 सेंटिमीटर अशी अंतरं घेतली होती. 10 वर मिनिटाला 46 बुडबुडे आले, 20 वर 27 आणि 40 वर 6. मधले दोन आकडे त्यांच्या मधेच बसले. आलेख काढला आणि तो अगदी पुस्तकातल्यासारखा आला. 20 वरून 40 वर गेल्यावर अंतर दुप्पट, म्हणून व्यस्त वर्गाच्या नियमाने प्रकाश चौपट कमी व्हायला हवा, आणि 27 चे 6 म्हणजे साडेचारपट घट. चार आणि साडेचार, प्रॅक्टिकलच्या हिशोबात जुळल्यासारखंच. 10 वरून 20 वर मात्र घट चौपट नव्हती, 1.7 पटच होती. त्याचंही उत्तर तयार होतं: जवळच्या अंतरावर प्रकाश मुबलक आहे, अडकलंय दुसरीकडे. जो घटक सगळ्यात कमी पडतो तोच वेग ठरवतो, हे ब्लॅकमन यांनी 1905 मध्ये मांडलेलं मर्यादक घटकाचं तत्त्व शिकवायला याहून चांगला आलेख मिळाला नसता.

तेवढ्यात मोजायला बसलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, एवढासा बुडबुडा आला तरी एकच धरायचा का?"

"एकच धर," असं मी म्हणाले, कारण कृतिपत्रिकेत दुसरी सोय नव्हती. पण मग मीही तिच्याशेजारी बसून बघायला लागले. दिवा जवळ असताना बुडबुडे एकामागून एक सुटत होते आणि किंचित मोठे वाटत होते. लांब असताना एक एक बुडबुडा टोकाशी अडखळत, बारीकसा सुटत होता. "वाटत होते" असं म्हणते, कारण डोळ्यांनी खात्री होण्याइतका फरक नव्हता.

घनफळ व्यासाच्या घनाने वाढतं, इथे खरी ग्यानबाची मेख आहे. बुडबुड्याचा व्यास सव्वापट झाला तर आतला वायू जवळजवळ दुप्पट होतो. मिलिमीटरभराच्या बुडबुड्यात सव्वापट म्हणजे पाव मिलिमीटर, आणि तोही पाण्यात, वर धावणाऱ्या बुडबुड्याचा. कोण ओळखणार?

म्हणून दुसऱ्या दिवशी मोजण्याऐवजी वायू गोळा केला. 1 मिलिमीटर आतल्या व्यासाची केशनलिका घेतली. तिचं एक टोक फुगीर करून वाकवलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला रबरी नळीने सिरिंज जोडलेली असते. नळी पाण्याने पूर्ण भरायची, फांदीचं कापलेलं टोक फुगीर तोंडाखाली आणायचं आणि पाच मिनिटं वायू वर साठू द्यायचा. मग सिरिंजचा दट्ट्या हळूच ओढला की तो वायू नळीच्या सरळ भागात सरकतो आणि मोजपट्टीवर त्याची लांबी वाचता येते. नळीची रुंदी सगळीकडे सारखी, त्यामुळे लांबी मोजली की घनफळ मोजल्यासारखंच. बुडबुडा लहान की मोठा, हा वाद संपला. टोकातून सुटणारे बुडबुडे त्याच वेळी मोजताही येतात, म्हणून दोन्ही आकडे एकाच फांदीचे, एकाच पाच मिनिटांचे मिळाले.

बुडबुड्यांची संख्या आदल्या दिवसासारखीच आली. लांबी मात्र वेगळीच गोष्ट सांगत होती. 10 सेंटिमीटरवर पाच मिनिटांत 85 मिलिमीटर, 20 वर 36 आणि 40 वर 7. म्हणजे 10 आणि 20 मधला फरक बुडबुड्यांच्या भाषेत 1.7 पट आणि वायूच्या भाषेत जवळजवळ 2.4 पट. हिशोब केला तेव्हा 10 वरच्या एका बुडबुड्यात सरासरी 0.29 घन मिलिमीटर वायू निघाला, 20 वरच्यात 0.21 आणि 40 वरच्यात 0.18. व्यासात मांडलं तर पहिल्या दोघांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही फरक नाही. त्या मुलीच्या डोळ्याने तो कसा टिपला, देव जाणे.

वेग वाढला की बुडबुडे मोठे होतात, यात नवल काहीच नाही. टोकाला चिकटलेला बुडबुडा सुटायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात मागून वायू जोरात येत असेल तर तो आणखी फुगतो. कधी दोन बुडबुडे सुटतानाच एकत्र होतात. म्हणून वाढलेल्या वायूचा काही भाग बुडबुड्यांच्या संख्येत जातो आणि काही भाग त्यांच्या आकारात लपतो. संख्या मोजणाऱ्याला वाढ थबकल्यासारखी दिसते. मर्यादक घटकाचं जे लक्षण म्हणून आपण दाखवतो, ते निदान काही अंशी मोजण्याच्या पद्धतीचं लक्षण असतं.

हा त्रास जुन्या लोकांना ठाऊक होता. विल्मॉट यांनी 1921 मध्ये बुडबुडे मोजण्याची सुधारलेली पद्धत प्रसिद्ध केली, ती याच कारणासाठी. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांमधून कपाटात विल्मॉटचा बबलर असतो. त्यात वायू फांदीच्या टोकातून थेट न सुटता काचेच्या ठरावीक तोंडातून सुटतो, म्हणजे सगळे बुडबुडे बऱ्यापैकी एका मापाचे निघतात. शाळेच्या कृतीतून बबलर गळला आणि बुडबुडे तेवढे उरले.

आता दुसरी बाजू, अंतराची. कृतिपत्रिकेत "दिव्यापासून चंचुपात्राचे अंतर" असं लिहिलेलं असतं आणि सगळे तसंच मोजतात: दिव्याच्या काचेपासून चंचुपात्राच्या काचेपर्यंत. पण उजेड दिव्याच्या काचेतून उगवत नाही आणि फांदी चंचुपात्राच्या काचेला चिकटलेली नसते. माझ्या फ्लडलाइटमध्ये एलईडीची पट्टी पुढच्या काचेच्या 2 सेंटिमीटर मागे आहे. फांदी चंचुपात्राच्या मधोमध, म्हणजे बाहेरच्या काचेपासून 4 सेंटिमीटर आत. प्रत्येक अंतरात सरळ 6 सेंटिमीटर मिळवायचे. 10 म्हणजे 16, 20 म्हणजे 26, 40 म्हणजे 46.

सहा सेंटिमीटरने काय होतं? 40 ला फारसं काही होत नाही. 10 ला मात्र पार चित्र बदलतं. जर्नलमधल्या आकड्यांप्रमाणे 10 वरून 20 वर गेल्यावर प्रकाश चौपट कमी व्हायचा. खऱ्या अंतरांचं गुणोत्तर 26 भागिले 16, त्याचा वर्ग 2.64. म्हणजे प्रकाश अडीचपटीहून थोडाच जास्त कमी झाला. 20 वरून 40 वर, म्हणजे खरं तर 26 वरून 46 वर, 3.1 पट. चौपट कुठेच नाही.

कागदावरच्या या हिशोबावर विसंबायला नको म्हणून लक्समीटर मागून आणला. चंचुपात्र काढून फांदी जिथे असते नेमक्या त्या जागी त्याचा सेन्सर धरला. 10 ला साधारण 18,000 लक्स, 20 ला 7,000, 40 ला 2,300. हिशोबाशी ठीक जुळलं. लांबचे आकडे किंचित जास्त आले, कारण पडदे ओढले तरी खोलीत थोडा उजेड असतोच आणि भिंतीवरून परत येणाऱ्या उजेडाला दिव्याच्या अंतराशी देणंघेणं नसतं. लक्स हे माणसाच्या डोळ्याला धरून केलेलं माप आहे, पानाला धरून नव्हे, हा आक्षेप बरोबर आहे. पण दिवा एकच असेल आणि आपल्याला फक्त किती पटीने कमी झाला एवढंच हवं असेल, तर ते चालतं. दिवा बदलून तुलना करायची असेल तर चालत नाही.

आता तेच आकडे पुन्हा शेजारी शेजारी ठेवले. 10 आणि 20 मध्ये प्रकाश साधारण 2.6 पट बदलला, वायू 2.4 पट. म्हणजे जवळच्या टोकाला वायू जवळजवळ प्रकाशाच्याच प्रमाणात वाढत होता. ज्या सपाट भागावर मी कार्बन डायऑक्साइड कमी पडतो म्हणून सांगणार होते, तो सपाट भाग बव्हंशी दोन गोष्टींनी बनला होता: प्रकाश आपण समजलो तितका वाढलाच नव्हता आणि जेवढा वायू वाढला त्यातला काही भाग मोठ्या बुडबुड्यांत गेला. खात्रीसाठी 10 वर असताना पाण्यात सोड्याचं प्रमाण वाढवलं आणि थोडं थांबून पुन्हा वायू गोळा केला. वाचनातल्या नेहमीच्या चढउताराबाहेर जाईल इतकी वाढ दिसली नाही. कार्बन खरंच अडकून बसलेला असता, तर तिथे उडी दिसायला हवी होती. ही चाचणी थोड्या वेळाची आहे आणि आलेखाच्या सपाट भागाला मर्यादक घटकाचं नाव देण्याआधी ती करायलाच हवी, असं माझं मत झालं.

लांबच्या टोकाची गंमत उलटी. तिथे बुडबुडे साडेचारपट कमी झाले आणि नियमाने चौपट व्हायला हवे होते, म्हणून आम्ही समाधानी होतो. पण प्रकाश कमी झाला होता फक्त तिप्पट. वायू तर पाचपट कमी झाला. मग हा कमी पडलेला वायू गेला कुठे?

काही फांदीने स्वतःच वापरला. झाड उजेडातही श्वसन करतं आणि त्यासाठी आधी आपणच तयार केलेला ऑक्सिजन खातं. टोकातून बाहेर येतो तो खर्च वजा जाता उरलेला. प्रकाश भरपूर असताना हा खर्च नजरेत भरत नाही, कारण उत्पन्न मोठं असतं. प्रकाश कमी झाला की उत्पन्न घटतं, खर्च मात्र तेवढाच राहतो, म्हणून शिल्लक प्रकाशापेक्षा जास्त वेगाने घसरते. शिवाय ऑक्सिजन पाण्यात विरघळतो. वायू सावकाश तयार होत असेल तर त्यातला बराचसा बुडबुडा व्हायच्या आतच पानांच्या पृष्ठभागावरून पाण्यात निघून जातो. आपण बुडबुडे मोजतो तेव्हा या दोन्ही वाटा भागवून उरलेलं तेवढं मोजतो.

एका टोकाला चूक आकडा दाबत होती, दुसऱ्या टोकाला तो ओढून खाली नेत होती, आणि दोन्ही मिळून जे चित्र तयार झालं ते पुस्तकातल्या आकृतीशी तंतोतंत जुळत होतं. आलेख बिघडलेला आला असता तर आम्ही कारण शोधलं असतं. तो सुरेख आला म्हणून कोणीच शोधलं नसतं.

एका सहकाऱ्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण आपल्याकडे पूर्वी साध्या बल्बवर हा प्रयोग याहून छान यायचा. बुडबुडे कसे धडाधड यायचे!"

यायचे खरे. कारण तापमान. तो जुना, तारेचा बल्ब कपाटात होता, तो लावून पाहिला. मधली पाण्याची पेटी मुद्दाम काढून टाकली, कारण बऱ्याच ठिकाणी ती नसतेच. 10 सेंटिमीटरवर ठेवल्यावर चंचुपात्रातलं पाणी 25 अंशांवरून 30 वर गेलं आणि बुडबुडे खरोखर धडाधड आले. पाणी तापलं की त्यात विरघळलेला वायू मावेनासा होतो. हवेशी समतोल झालेल्या गोड्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे 8.3 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो आणि 30 अंशांना 7.5 च्या आसपास. फरक अगदी किरकोळ वाटतो. पण 400 मिलिलिटर पाण्यासाठी तो साधारण पाव मिलिलिटर वायू होतो, म्हणजे 250 घन मिलिमीटर. आमची फांदी 20 सेंटिमीटरवर मिनिटाला साडेपाच-सहा घन मिलिमीटर वायू सोडत होती. तिला तेवढा वायू सोडायला पाऊण तास लागला असता. पाण्यातून सुटणारा सगळा वायू अर्थात फांदीच्या टोकातून येत नाही, काचेवर आणि पानांवर चिकटतो, बराचसा पृष्ठभागावरून हवेत जातो. नायट्रोजन या हिशोबात धरलेलाच नाही, तोही सुटतो. पण यातला थोडा भाग जरी खोडातल्या पोकळ्यांत शिरून टोकातून बाहेर पडला, तरी तो आपल्या मोजणीत ऑक्सिजन म्हणून जमा होतो.

हे नुसतं तर्काने सांगून पटत नाही, म्हणून अंधारात करून पाहिलं. पद्धत निवडताना जरा विचार करावा लागला. फांदी उकळून मारायची आणि तिला तापवून बघायचं, ही सुचणारी पहिली युक्ती. पण उकळल्यावर पोकळ्यांत पाणी शिरतं, मग त्यातून बुडबुडे आले नाहीत तर त्याचा अर्थ काय लावायचा? जिवंत फांदीच घ्यायला हवी. म्हणून चालू असलेली फांदी चंचुपात्रासकट काळ्या कागदात गुंडाळली, फक्त वरून टोक दिसेल एवढी फट ठेवली आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली. मग ते चंचुपात्र कोमट पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवलं. तापमान चढायला लागलं तसे काळोखातच बुडबुडे पुन्हा सुरू झाले. सुरुवातीला मिनिटाला चार-पाच, मग तापमान स्थिरावल्यावर हळूहळू थांबले. त्यात प्रकाशसंश्लेषणाचा काही संबंध नव्हता.

इंगेनहाउस यांनी 1779 मध्ये पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात हे नोंदवलं, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता: हे सूर्याच्या उजेडामुळे की उबेमुळे? उजेडामुळे, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. तारेचा बल्ब जवळ ठेवून बुडबुडे मोजताना आपण तो सुटलेला प्रश्न पुन्हा गुंतवून टाकतो, कारण दिवा जवळ आणला की उजेड आणि ऊब दोन्ही एकदमच वाढतात. वर उबेने प्रकाशसंश्लेषणाच्या रासायनिक क्रियाही वेगवान होतात, त्यामुळे हा परिणाम नंतर हिशोबातून वजा करून टाकू म्हटलं तरी होत नाही. थर्मामीटर पाण्यात ठेवून प्रत्येक मोजणीच्या आधी आणि नंतर वाचणं, हाच उपाय. अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर ती मोजणी मी बाजूला ठेवते. सहकाऱ्यांना अंधारातले बुडबुडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण पाणी तापवत होतो म्हणायचं!" तसं पूर्ण खरं नाही, पण काही प्रमाणात होतोच.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी माझ्या लक्षात योगायोगाने आली. दिवा जागच्या जागी ठेवून फांदी चंचुपात्रात सेंटिमीटरभर मागे सरकली की बुडबुडे बदलायचे, आणि ते कमी होतीलच असं नाही. पाणी भरलेलं गोल चंचुपात्र भिंगासारखं काम करतं, मागच्या बाजूला प्रकाश एकवटतो. फांदी कुठे आहे त्यावर तिला मिळणारा प्रकाश ठरतो. सपाट बाजूंचं भांडं मिळालं तर उत्तम, नाहीतर फांदी एकाच जागी बांधून ठेवायची आणि मधे हात लावायचा नाही.

क्रमाचंही तसंच. सगळे जण जवळून सुरू करून लांब जातात. तासाभराने फांदी सुरुवातीला होती तशी उरत नाही. कापलेलं टोक हळूहळू बुजतं, पाण्यातला कार्बन बदलतो, पाणी थोडं तापलेलं असतं. हा सगळा बदल अंतराच्या खात्यावर जमा होतो, कारण वेळ आणि अंतर हातात हात घालून वाढतात. म्हणून मी आता अंतरं उलटसुलट क्रमाने घेते आणि शेवटी पुन्हा 20 वर येते. पहिल्या वेळी 27 आणि शेवटी 26 आले तर त्या दिवसाच्या आकड्यांवर विश्वास ठेवते. एकदा 27 चे 19 झाले होते. त्या दिवशीचा सगळा आलेख, उतार कितीही छान असला तरी, अर्धा फांदी थकल्याचा होता.

वर्गात मी अजूनही बुडबुडेच मोजायला लावते. केशनलिका तीसेक मुलांना पुरत नाहीत आणि बुडबुडा सुटताना बघण्यात जी मजा आहे ती मोजपट्टीवरची लांबी वाचण्यात नाही. पण अंतर एलईडीपासून फांदीपर्यंत मोजायचं, तापमानाचा रकाना घालायचा, आणि एका गटाने त्याच वेळी सिरिंजने वायू गोळा करायचा, एवढं बदललं. त्या गटाचा आलेख बाकीच्यांच्या आलेखाशेजारी लावला की मुलंच विचारतात, एकाच झाडाचे दोन आलेख कसे?

प्रश्न उरला होता शून्याचा. दिवा 60 सेंटिमीटरवर नेला की बुडबुडे पूर्ण थांबायचे आणि मुलं लिहायची, "प्रकाशसंश्लेषण थांबले." वायूची लांबी लक्सच्या पट्टीवर मांडून 7,000 आणि 2,300 या दोन बिंदूंमधून सरळ रेष खाली वाढवली, तर ती सुमारे 1,150 लक्सवर शून्याला टेकत होती, 0 लक्सवर नाही. 60 सेंटिमीटरवर लक्समीटर साधारण 1,100 दाखवत होता. म्हणजे तिथे उत्पन्न आणि खर्च जवळपास बरोबरीत यायला हवे होते.

हे तपासायला बुडबुड्यांचा उपयोग नव्हता, म्हणून बायकार्बोनेट दर्शक घेतला. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की हा पिवळा होतो, कमी झाला की जांभळा, आणि हवेशी समतोलात असेल तर लालसर राहतो. सोड्याच्या पाण्यात तो चालत नाही, म्हणून वेगळ्या, बूच लावलेल्या परीक्षानळ्या केल्या. सारख्या मापाच्या फांद्या असलेल्या दोन नळ्या आणि फांदी नसलेली एक. फांदीची एक नळी काळ्या कागदात गुंडाळली, उरलेल्या दोन 60 सेंटिमीटरवर उजेडात. दोन तासांनी गुंडाळलेल्या नळीतला दर्शक पिवळा झाला होता, तिथे श्वसन एकटंच चालू होतं. उजेडातली फांदीची नळी रिकाम्या नळीइतकीच लालसर होती. तिच्यात बुडबुडा एकही नव्हता, पण श्वसनातून बाहेर पडलेला सगळा कार्बन डायऑक्साइड ती फांदी त्याच वेळी परत वापरत होती.